आभाराच्या भाषणात एकच शनिवार सांग

«ताई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत दहावीला आहे. आमचे समाज विज्ञानाचे सर आठवीपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्हाला एक सिनेमा दाखवतात. गॅदरिंगला त्यांचे आभार मानायला वर्गानं मला निवडलंय. वेळ चार मिनिटं. दादानं मोबाईलवरून एक भाषण काढून दिलंय. ते छान आहे, पण त्यात आमचे सर कुठंच नाहीत. माझ्या वहीत सगळ्या सिनेमांची नावं आहेत, ती वाचून दाखवू का? काही पालक म्हणतात, दहावीच्या पोरांना सिनेमे कसले दाखवता. त्यांना उत्तर द्यावंसं वाटतं. पाहुणे बीईओ साहेब, म्हणजे तालुक्याचे शिक्षणाधिकारी आहेत, ते कन्नड बोलतात. सरांना कौतुक केलेलं आवडत नाही, मान खाली घालतात. आणि मला स्टेजवर रडू येईल याची भीती वाटते. एकदा बूट हरवलेल्या बहीणभावाचा इराणी सिनेमा संपला तेव्हा आम्ही सगळे गप्प होतो. सरांनी शेवट मागं नेऊन परत लावला आणि एवढंच विचारलं, ‘सायकलला काय बांधलंय?’ असं पुष्कळ आहे, पण त्यातलं काय घेऊ ते कळत नाही.»

सायकलचं घे. तुझं भाषण त्या एका प्रश्नात आहे.

तो चित्रपट माजिद माजिदी यांचा, १९९७ सालचा, ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’. शर्यतीत तिसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसात बूट असतात, म्हणून अलीला तिसरं यायचं असतं आणि तो पहिला येतो. तो रडवेला घरी येतो, फोड आलेले पाय हौदात सोडून बसतो, मासे पायाभोवती फिरतात आणि चित्रपट संपतो. पहिल्यांदा बघणाऱ्या पुष्कळांना वाटतं की बूट काही मिळाले नाहीत. पण त्याच्या थोडं आधी वडील सायकलवरून घरी निघालेले दिसतात आणि सामानात बुटांचे नवे जोड असतात. दृश्य लहान आहे. त्यावर कुणी बोलत नाही, संगीत वाढून लक्ष वेधत नाही. आपलं सगळं लक्ष रडणाऱ्या मुलाकडं असतं, म्हणून ते निसटतं.

सरांनी तिथं तात्पर्य सांगितलं असतं तर तुम्ही ते वहीत लिहून घेतलं असतं आणि विसरला असता. त्यांनी फक्त कुठं बघायचं ते दाखवलं. ते कसे शिकवतात हे न पाहिलेल्या माणसाला एवढ्यावरून कळेल. तुझ्या गावातल्या ज्या आजीनं इराणचं नावही ऐकलं नसेल तिलाही कळेल, कारण गोष्ट बूट, बहीण आणि धावण्याची आहे.

म्हणून यादी वाचू नकोस. हिशेब करून बघ. समजा वहीत ऐंशी नावं आहेत आणि एका नावाला दोन सेकंद लागतात. अडीच मिनिटांहून जास्त वेळ तिथंच गेला, आणि त्यातलं एकही नाव मंडपातल्या माणसाच्या लक्षात राहणार नाही. यादीनं ‘पुष्कळ दाखवले’ एवढंच कळतं. तरी ती वाया घालवू नकोस. जाड कागदावर स्वच्छ अक्षरात नाव, भाषा, साल आणि तुम्ही तो कोणत्या इयत्तेत बघितला एवढं लिहा आणि गॅदरिंगच्या दिवशी हस्तलिखिताच्या टेबलाजवळ लावा. पालक उभं राहून वाचतील, तुमच्या आधीच्या बॅचची मुलं त्यात आपण बघितलेल्या चित्रपटांची नावं घालायला येतील. वाचायची गोष्ट वाचायला ठेवावी, ऐकवायची तेवढीच ऐकवावी.

दादानं दिलेल्या भाषणाबद्दल तुझं म्हणणं बरोबर आहे. ज्या भाषणात सरांच्या जागी दुसऱ्या कोणत्याही शिक्षकाचं नाव घातलं तरी चालतं, ते आभाराचं भाषण होत नाही. स्वतःचं लिहून झालं की हीच कसोटी लाव. प्रत्येक वाक्य वाचताना विचार, हे गणिताच्या सरांबद्दलही म्हणता येईल का? येत असेल तर ते काढ. ‘ज्ञानाचा दिवा लावणारे’ जाईल, ‘देवमाणूस’ जाईल. ‘सायकलला काय बांधलंय?’ राहील.

त्यानं सरांच्या संकोचाचा प्रश्नही बराचसा सुटतो. विशेषणं ऐकताना माणूस अवघडतो, कारण ती खरी आहेत की नाहीत हे त्याला स्वतःला ठरवता येत नाही. घडलेली गोष्ट ऐकताना तो तिच्यात शिरतो. सर थोर आहेत, प्रेमळ आहेत, असं म्हटलंस की ते मान खाली घालतील. सर शुक्रवारी रात्री चित्रपट आधी बघून ठेवायचे, असं म्हटलंस तर त्यांना खाली बघायचं कारण नाही, कारण ते तसं करायचे. तेव्हा क्रियापदांवर भर दे. सर काय करायचे, कधी, कशानं, आणि मग काय व्हायचं.

यासाठी तुला थोडी चौकशी करावी लागेल, कारण चित्रपटाच्या मागचं काम मुलांना दिसत नाही. सरांना विचारू नकोस, ते ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बंद करतील. शाळेच्या शिपाईकाकांना विचार, खोली कोण उघडायचं आणि कुलूप कोण लावायचं. खिडक्या कशानं झाकायचे, चादरींनी, बारदानानं की जुन्या बॅनरनं, ते विचार. इंग्रजीच्या टीचरना विचार की खाली येणाऱ्या ओळींचा अर्थ सर आधी लिहून आणायचे का. वीज गेली तर काय व्हायचं ते मुलांनाच आठवेल. पुढच्या शनिवारी उरलेला भाग दाखवायचे, की पुढं काय होईल ते तुम्हालाच सांगायला लावायचे? अशा चार-पाच गोष्टी मिळाल्या की त्यातल्या दोन घे. ज्या एकापेक्षा जास्त जणांनी सांगितल्या त्याच घे, म्हणजे चूक राहणार नाही.

खिडक्या झाकण्याचं एक कारण तुला माहीत असलेलं बरं, कारण पालकांना तो मुलांचा खेळ वाटू शकतो. प्रोजेक्टर पडद्यावर फक्त उजेड टाकू शकतो, काळोख टाकू शकत नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे पडद्याचा तो भाग, जिथं प्रोजेक्टरनं काहीच टाकलेलं नाही. तुमची शनिवारची शाळा सकाळची, म्हणजे चित्रपट लागणार दुपारच्या सुमाराला, ऊन सर्वांत कडक असताना. खिडकीतून आलेला उजेड पडद्यावर पडला की काळं करडं होतं. उन्हातली दृश्यं कशीबशी दिसतात, पण घरातली आणि रात्रीची दृश्यं पुसून जातात. पांढऱ्या भिंतीवरचा उजेडही परतून पडद्यावर जातो, म्हणून एक खिडकी उघडी राहिली तरी फरक पडतो. सायकलवरचं ते सामान तुम्हाला दिसावं यासाठी कुणीतरी दर आठवड्याला स्टुलावर चढून प्रत्येक खिडकी झाकली असेल, तर ते एका वाक्यात यायला हवं.

परक्या भाषेचा चित्रपट मुलांना दाखवणं तर त्याहून कष्टाचं. फारसी बोलणं, खाली इंग्रजी ओळी, समोर मराठी माध्यमाची आठवीची मुलं. ओळ पडद्यावर काही सेकंदच राहते. तेवढ्यात ती वाचून मराठीत सांगायची म्हणजे चित्रपट आधी बघितलेला लागतो, कुठं थांबवायचं आणि कुठं मुलांना नुसतं बघू द्यायचं हे ठरवलेलं लागतं. प्रत्येक ओळ सांगत बसलं तर मुलं पडद्याऐवजी सरांकडं बघतात. तुमचे सर कधी गप्प राहायचे ते आठवून बघ. तेही त्यांचं कामच होतं.

आता पालकांचं. तुला उत्तर द्यायचंय, आणि रागही आलाय, तो पत्रात दिसतो. पण एक गोष्ट तपासून बघ. जे पालक ‘दहावीच्या पोरांना सिनेमे कसले’ म्हणतात ते सरांच्या विरोधात आहेत, असं तू धरून चालली आहेस. त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर एसएसएलसीची परीक्षा असते, आणि शनिवारी शाळेच्या त्या खोलीत नेमकं काय चालायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ‘सिनेमा’ म्हटलं की त्यांना जे आठवतं ते वेगळं असतं. स्टेजवरून ‘काही लोक म्हणतात’ अशी सुरुवात केलीस की ते काही लोक सावध होऊन बसतील. उरलेले मागं वळून कोण ते शोधतील. आणि सरांचा कार्यक्रम वादाचा होईल. चित्रपटांमुळं आमचे गुण वाढले, असंही म्हणू नकोस. ते सिद्ध करता येत नाही, आणि एकदा गुणांची गोष्ट काढलीस की ज्याचे कमी झाले त्याचे वडील तोच हिशेब सरांकडं मागतील. बुटांची गोष्ट नीट सांग. ती ऐकल्यावर त्या खोलीत काय चालायचं हे त्यांना पहिल्यांदा कळेल. फार तर एक वाक्य त्यांच्यासाठी ठेव, तेही विनंतीचं. खाली नमुन्यात ते आहे.

बीईओ साहेब समोर असणार, तेव्हा काय बोलायचं नाही हेही ठरवून ठेव. आभाराच्या भाषणानं शिक्षक अडचणीत येऊ शकतो, आणि बोलणाऱ्याला ते कळतही नाही. ‘कधी कधी सर तास सोडून आम्हाला सिनेमा दाखवायचे’ हे मुलांना प्रेमाचं वाटतं, अधिकाऱ्याच्या कानाला ते वेळापत्रक मोडल्यासारखं लागतं. शाळा सुटल्यावर दाखवायचे हे खरं आहे, तेच स्पष्ट म्हण. चित्रपट कुठून आणले, कुणाच्या पेनड्राइव्हवर होते, हे बोलायची गरज नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेला तिच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवायला सूट आहे, पण प्रेक्षक म्हणजे शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असावेत अशी अट आहे. म्हणून ‘अख्खं गाव यायचं’ असं कौतुकानं वाढवून सांगू नकोस. सरांनी पदरचे पैसे घालून स्पीकर आणले असतील तर तेही मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय काढू नकोस. पैशाची गोष्ट चारचौघांत निघालेली पुष्कळ शिक्षकांना आवडत नाही. आणि ‘हा उपक्रम पुढंही चालू ठेवावा’ अशी मागणी आभारात मिसळू नकोस. पाहुण्यांसमोर मागणी केली की मुख्याध्यापकांना तिथल्या तिथं उत्तर द्यावं लागतं. आठवी-नववीच्या मुलांसाठी ती करायची असेल तर गॅदरिंग झाल्यावर वर्गाच्या सह्यांचा अर्ज द्या.

आता लांबी. मोकळ्या मैदानावर कर्ण्यातून बोलताना मिनिटाला शंभर शब्द हा चांगला वेग आहे. खोलीत आपण त्याहून भरभर बोलतो, पण मैदानावर आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि घाईनं बोललं की मागचा शब्द पुढच्यावर चढतो. चार मिनिटं म्हणजे चारशे शब्द झाले. टाळ्या आणि थांबे धरून साडेतीनशेच्या आत लिही. नावानिशी नमस्कार करत बसलीस तर व्यासपीठावरच्या दहा जणांना एक मिनिट जातं. ते काम निवेदकानं केलेलं असतं, तू पदांनी नमस्कार कर.

खाली एक नमुना देते. तो पाठ करू नकोस. सरांच्या तयारीचा परिच्छेद तुझ्या चौकशीत जे खरं निघेल त्यानं बदल, आणि घडलेला क्रम तुला वेगळा आठवत असेल तर तुझाच ठेव.

«अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापक, सर्व शिक्षक, पालक आणि मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

एका शनिवारी आम्ही इराणमधला एक सिनेमा बघितला. अली नावाचा मुलगा धाकट्या बहिणीचे दुरुस्त करून आणलेले बूट वाटेत हरवतो. घरी नवे घ्यायला पैसे नाहीत. मग दोघं मिळून अलीचेच बूट वापरतात. सकाळी तिची शाळा, दुपारी त्याची. ती धावत येते, गल्लीत बूट काढून देते, आणि ते घालून तो शाळेला पळतो.

पुढं धावण्याची शर्यत येते. तिसऱ्या नंबराच्या बक्षिसात बूट असतात. अलीला तिसरं यायचं असतं. तो पहिला येतो. सगळे त्याला उचलून घेतात आणि तो रडतो. घरी येऊन दुखरे पाय पाण्यात सोडून बसतो. सिनेमा संपतो.

आम्ही गप्प होतो. आम्हाला वाटलं, बूट मिळालेच नाहीत. सर काही बोलले नाहीत. त्यांनी सिनेमा थोडा मागं नेला आणि विचारलं, ‘सायकलला काय बांधलंय?’

आम्ही परत बघितलं. अलीचे बाबा सायकलवरून घरी निघालेत. सामानात नवे बूट आहेत. ते पहिल्यांदाही पडद्यावर होते. आम्ही बघितले नव्हते.

सर उत्तर सांगू शकले असते. त्यांनी आम्हाला परत बघायला लावलं. आठवीपासून दर शनिवारी त्यांनी हेच केलं.

त्या एका शनिवारासाठी सर काय करायचे, ते आम्हाला आत्ता विचारल्यावर कळलं. सिनेमा ते आधी घरी बघायचे. इंग्रजी ओळींचा अर्थ वहीत मराठीत लिहून आणायचे. शाळा सुटली की खिडक्यांना चादरी बांधायचे, कारण खोलीत उजेड असला की सायकलवरचे बूट दिसत नाहीत. सगळं संपल्यावर चादरी काढून, खोलीला कुलूप लावून, मग घरी जायचे.

पालकांना एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर आम्हाला कुठल्याही एका शनिवारचा सिनेमा विचारा. आम्ही सांगू.

मान्यरे, नम्म गुरुगळु प्रति शनिवार नमगे सिनेमा तोरिसिदरु. हेगे नोडबेकु एंदु कलिसिदरु. अवरिगे नम्म धन्यवादगळु.

सर, तुम्ही आम्हाला परत बघायला शिकवलंत. दहावीचा वर्ग तुमचे मनापासून आभार मानतो.»

हे तुझ्या वेगानं साधारण अडीच मिनिटं जाईल. उरलेलं दीड मिनिट टाळ्यांना, थांब्यांना आणि तुझ्या श्वासाला राहू दे, ते भरायला काही शोधू नकोस.

कन्नड ओळी मुद्दाम शेवटाकडं ठेवल्यात. सुरुवातीला ठेवल्या तर त्या रीत पाळल्यासारख्या वाटतात, आणि त्यांना टाळ्या मिळाल्या की अलीची गोष्ट सुरू व्हायच्या आत तुटते. गोष्टीनंतर आल्या की पाहुण्यांना त्या आभार म्हणूनच ऐकू येतील. बेळगाव भागात नोकरी करणाऱ्या अधिकाऱ्यांना मराठी बऱ्यापैकी समजते, तरी तुमच्या कन्नडच्या शिक्षकांकडून भाषणाचा अर्ध्या पानाचा कन्नड गोषवारा लिहून घे आणि कार्यक्रमाआधी पाहुण्यांच्या टेबलावर ठेव. तुला जास्त कन्नड बोलावं लागणार नाही आणि त्यांना सायकलचा मुद्दा कळेल. उच्चारही त्याच शिक्षकांकडून बसवून घे. कन्नडमध्ये ‘ए’ ऱ्हस्वही असतो आणि दीर्घही. देवनागरीत लिहिलं की तो फरक दिसत नाही. ‘हेगे’ मधला पहिला दीर्घ आणि दुसरा ऱ्हस्व, ‘एंदु’ मधला ऱ्हस्व. आणि ‘तोरिसिदरु’, ‘धन्यवादगळु’ यांच्या शेवटचा ‘उ’ आखूडच ठेव, आपण मराठी माणसं तो ओढतो.

गॅदरिंग वेळेवर चालत नाही, हे धरूनच तयारी कर. बक्षीस वाटप लांबतं, पाहुण्यांना निघायचं असतं, आणि निवेदक कानात सांगतो, ‘दोनच मिनिटं.’ तेव्हा भरभर वाचून चार मिनिटांचं दोनमध्ये बसवायला गेलीस तर काहीच कळणार नाही. कागदावर आत्ताच पेन्सिलीनं दोन कंस करून ठेव. पहिला कंस सरांच्या तयारीच्या परिच्छेदाला, दुसरा पालकांच्या विनंतीला. वेळ कापली तर ते दोन्ही सोडायचे. गोष्ट, सायकलचा प्रश्न, कन्नड ओळी आणि शेवट एवढं दोन मिनिटांच्या आत होतं आणि पूर्ण वाटतं. गोष्टीतलं मात्र एकही वाक्य कापू नकोस. बूट दोघं मिळून वापरतात हे गेलं तर शर्यतीचं रडणं कळत नाही, आणि ते कळलं नाही तर सायकलला अर्थ राहत नाही.

रडू येण्याचं. आवाज बहुधा ‘सर, तुम्ही’ म्हणताना फुटतो, म्हणजे गोष्ट सांगून झाल्यावर, थेट त्यांच्याकडं बघून बोलताना. तिथंच तयारी हवी, बाकी भाषणाला नको. रडू दाटलं की आपण श्वास कोंडून धरतो, गळा आवळतो आणि मग शब्द बाहेर येत नाही. म्हणून कन्नड ओळी झाल्या की थांब, आधी श्वास पूर्ण बाहेर सोड, मग नवा घेऊन ‘सर’ म्हण. ती शेवटची दोन वाक्यं लहान ठेवली आहेत ती यासाठीच, एका श्वासात एक वाक्य होतं. ती म्हणताना नजर मंडपातल्या सगळ्यांत मागच्या रांगेवर ठेव, सरांच्या चेहऱ्यावर नको. ही दोन वाक्यं रोज पाच-सहा वेळा मोठ्यानं म्हण, उभं राहून. सवयीनं त्यांची धार कमी होते. तरीही डोळे भरले तर काही बिघडत नाही, थांब, पाणी पी. भाषणाची दुसरी प्रत एका मैत्रिणीकडं दे आणि तिला स्टेजच्या कडेला उभी कर. तू मान हलवलीस की ती पुढं येऊन शेवटच्या दोन ओळी वाचेल. वर्गाच्या वतीनंच आभार आहेत, दोन आवाज आले तर ते शोभूनच दिसेल.

कागदाचंही बघ. वहीचं पान वाऱ्यानं उडतं आणि हात कापत असला की माइकजवळ त्याचा आवाज येतो. लग्नपत्रिकेच्या जाडीच्या कागदाचे चार तुकडे कर, प्रत्येकावर मोठ्या अक्षरात एकाच बाजूला लिही, कोपऱ्यात आकडा घाल. टाचणी मारू नकोस, वाचून झालेलं कार्ड मागं सरकवायचं. वाक्य एका कार्डावर अर्धं आणि दुसऱ्यावर अर्धं असं होऊ देऊ नकोस. रंगीत दिवे लागले की लाल आणि हिरवी शाई दिसत नाही, तेव्हा काळ्यानंच लिही.

तुझ्यासारखंच काम ज्यांच्यावर आलंय अशा इतरांसाठी एवढं सांगते. माजी विद्यार्थी बोलणार असतील तर त्यांनीही एकच चित्रपट घ्यावा, पण शाळा सोडल्यावर तो पुन्हा कधी आठवला तेही सांगावं, ते शाळेतल्या मुलाला सांगता येत नाही. पालक बोलणार असतील तर त्यांनी चित्रपटाबद्दल न बोलता मुलानं घरी येऊन काय सांगितलं त्याबद्दल बोलावं. आणि तिघंही एकाच कार्यक्रमात बोलणार असतील तर कोण कोणता चित्रपट घेणार हे आदल्या आठवड्यात ठरवून घ्यावं, नाहीतर तिघंही सगळ्यांना आवडलेल्या एकावरच येतात.

शेवटचं काम कार्यक्रमाच्या दिवशी दुपारचं. माइकवाले मंडपात तारा जोडत असतात तेव्हा जा आणि त्यांना स्टँड तुझ्या उंचीला लावून दाखवायला सांग, कारण संध्याकाळी तो पाहुण्यांच्या उंचीला असेल आणि तुलाच खाली घ्यावा लागेल. खिट्टी कुठून फिरते ते बघून ठेव. तोंड माइकपासून चार बोटं लांब आणि किंचित बाजूला धर. अगदी समोर धरलं की ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना फटका बसतो. हातात घ्यावा लागला तर जाळीवर मूठ आवळू नकोस आणि कर्ण्याच्या दिशेनं फिरवू नकोस, दोन्हीनं शिटी वाजते. मग ‘सायकलला काय बांधलंय?’ एवढं एकच वाक्य त्या माइकवर म्हण आणि मैत्रिणीला मागच्या रांगेत उभी करून विचार, शब्द न् शब्द कळला का. नसेल कळला तर आवाज वाढवायला सांगण्याआधी स्वतःचा वेग कमी करून परत म्हण.